‘आठवड्यातून सरासरी तीन दिवस कार्यालयात’ म्हणजे नेमके किती दिवस? हायब्रीड नोकरीचे पत्र वाचताना पडलेले प्रश्न

खाडीकाठ

नमस्कार. मी कुडाळजवळच्या एका गावात राहते आणि मला ऐरोलीतील एका सॉफ्टवेअर कंपनीकडून हायब्रीड पद्धतीच्या नोकरीचे पत्र आले आहे. रुजू होण्याची तारीख १ जुलै आहे आणि होकार कळवायला अजून दहा दिवस हातात आहेत. घरी आई एकटी असते, त्यामुळे संपूर्ण मुक्काम मुंबईकडे हलवणे मला शक्य नाही. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी फोनवर सांगितले होते की महिन्याचे बारा दिवस एकत्र भरले तरी चालते. त्यावर विसंबून मी असा विचार केला होता की दोन-अडीच आठवडे कळव्याला मावशीकडे राहून कार्यालयीन दिवस पूर्ण करावेत आणि उरलेला महिना गावी राहून काम करावे.

आता पत्र हातात आल्यावर मात्र मनात शंका आली आहे. त्यातील संबंधित वाक्ये जशीच्या तशी अशी आहेत: “कर्मचाऱ्याने आठवड्यातून सरासरी तीन दिवस नेमून दिलेल्या कार्यालयातून काम करणे अपेक्षित आहे. कार्यालयीन दिवस संघाच्या गरजेनुसार ठरवले जातील. कामासाठी आवश्यक ते साहित्य कंपनी पुरवेल; घरून काम करताना योग्य वीज, इंटरनेट आणि बैठकव्यवस्था राखण्याची जबाबदारी कर्मचाऱ्याची राहील. कंपनीच्या प्रचलित हायब्रीड धोरणात व्यवसायाच्या गरजेनुसार केव्हाही बदल करता येईल.”

या चार वाक्यांचा अर्थ काय लावावा, आणि होकार देण्यापूर्वी कंपनीला नेमके काय विचारावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

विजयदुर्गी

माझ्या मते तुम्ही विनाकारण काळजी करत आहात. नेमणूकपत्रात हायब्रीड असे लिहून आले, म्हणजे तो तुमच्या नोकरीच्या अटींचा भाग झाला. उद्या कंपनीने पाच दिवस या म्हटले, तर ते पत्र दाखवून तुम्ही नकार देऊ शकता. नोकरीच्या अटी बदलायच्या असतील तर मालकाला २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते, असा कायदाच आहे. शिवाय ‘सरासरी’ हा शब्द आहे, म्हणजे तुमच्या मनाप्रमाणे दिवस एकत्र करता येतील हे उघड आहे.

कातळसडा

मी रत्नागिरीचा. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत मनुष्यबळ विभागात बरीच वर्षे काढली आणि अशी धोरणे लिहिण्याच्या बैठकांत बसलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

विजयदुर्गी यांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. पत्रात लिहिलेली गोष्ट धोरणाच्या पुस्तिकेत लिहिलेल्या गोष्टीपेक्षा भक्कम असते. परंतु ताईंच्या पत्रातील शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. ते पत्र तीन दिवसांचे वचन देत नाही, तर ‘प्रचलित धोरणाकडे’ बोट दाखवते, आणि ते धोरण केव्हाही बदलता येईल असेही त्याच पत्रात कबूल करून घेते. अशा पत्रावर सही केल्यानंतर धोरण बदलले तर पत्र मोडले असे म्हणणे अवघड जाते. २१ दिवसांच्या नोटिशीबद्दल नंतर लिहितो, कारण ताईंचा मूळ प्रश्न दिवसांचा आहे.

‘सरासरी’ या शब्दाला कालावधी जोडलेला नसेल, तर त्याला काहीच अर्थ नाही. सरासरी कशाची, आठवड्याची, महिन्याची की तिमाहीची? माझ्या पाहण्यात तिन्ही प्रकार आले आहेत आणि तिन्ही ठिकाणी पुस्तिकेतले वाक्य जवळजवळ सारखेच होते. फरक कळतो तो हजेरीचा अहवाल किती दिवसांनी काढला जातो यावरून. अहवाल दर सोमवारी मागच्या आठवड्याचा निघत असेल, तर पत्रात काहीही लिहिलेले असो, तुमची मोजणी आठवड्याचीच आहे.

यापेक्षा महत्त्वाचा आणि बहुतेक जण न विचारणारा प्रश्न म्हणजे सुट्ट्या आणि रजा वजा करून मोजणी होते की तशीच. येत्या सप्टेंबरचा हिशेब करून दाखवतो, कारण त्या महिन्यात आपल्यातले कोणीही गावी आल्याशिवाय राहत नाही.

सप्टेंबर २०२६ मध्ये सोमवार ते शुक्रवार असे २२ दिवस आहेत. गणेश चतुर्थी १४ तारखेला, सोमवारी आहे. ती सुट्टी धरली तर कामाचे २१ दिवस उरतात. ताईंनी १५ ते १८ अशी चार दिवसांची रजा घेतली असे समजू. म्हणजे प्रत्यक्ष काम १७ दिवस होईल.

कंपनीने मंगळवार, बुधवार आणि गुरुवार असे दिवस कायमचे बांधून दिले असतील, तर त्या महिन्यात असे १४ दिवस येतात. त्यातले तीन रजेत गेले, म्हणजे ११ दिवस कार्यालयात जावे लागेल. ते ११ दिवस चार आठवड्यांत विखुरलेले असल्यामुळे कुडाळला राहून ते भरणे म्हणजे दर आठवड्याला रात्रीच्या गाडीने जाणे आणि रात्रीच्या गाडीने परतणे. गणपतीनंतरही कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक चालू असते आणि गाड्या नेहमीपेक्षा संथ धावतात, हे तुम्हाला सांगायला नको.

मोजणी महिन्याची असेल आणि पाचातले तीन म्हणजे ६० टक्के हे प्रमाण असेल, तर दोन शक्यता आहेत. रजा वजा होत असेल तर १७ दिवसांचे ६० टक्के म्हणजे १०.२, वरच्या पूर्णांकात ११ दिवस. रजा वजा होत नसेल तर २१ दिवसांचे ६० टक्के म्हणजे १२.६, म्हणजेच १३ दिवस, आणि ते १३ दिवस उरलेल्या १७ दिवसांतूनच काढायचे. पहिल्या पद्धतीत घरून काम करायला सहा दिवस मिळतात आणि दुसरीत चार. घेतलेल्या रजेचा मोबदला घरून कामाच्या दिवसांतून वसूल होतो, असा याचा सरळ अर्थ आहे.

रजा वजा होत असेल तर १ ते ४ आणि ७ ते ११ असे नऊ दिवस कळव्याला राहून सलग भरता येतील, ११ तारखेच्या रात्री गाडी पकडता येईल आणि उरलेले दोन दिवस २९ आणि ३० ला भरून तोच मुक्काम ऑक्टोबरच्या दिवसांसाठी पुढे चालवता येईल. वजा होत नसेल तर २५ आणि २८ हे दिवसही द्यावे लागतील. दोन्ही जमण्यासारखे आहे, पण ते आधी कळले पाहिजे. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते, म्हणजे ११ सप्टेंबरच्या गाडीसाठी जुलैच्या मध्यालाच तारीख ठरवावी लागेल. रोस्टर महिना सुरू होण्याच्या आठवडाभर आधी जाहीर होत असेल, तर लवचीकता कागदावर कितीही असली तरी गणपतीच्या गाडीत जागा मिळणार नाही. म्हणून “कार्यालयीन दिवस किती दिवस आधी कळवले जातात?” हा प्रश्न कोकणातल्या माणसाने अवश्य विचारावा. मुंबईतच राहणाऱ्याला तो सुचणारही नाही.

नारळीबाग

गावातून काम कसे करावे असा आपला प्रश्न आहे असे समजून माझा अनुभव लिहितो. मी मालवण तालुक्यात राहून एका पुण्याच्या कंपनीचे काम करतो. १५० एएचची बॅटरी आणि साधा इन्व्हर्टर घ्यावा. लॅपटॉप, राउटर आणि एक पंखा मिळून दीडशे वॅटच्या आसपास जातात, त्यामुळे बॅटरी चांगली असेपर्यंत सात-आठ तास निघतात. मात्र केवळ घरातला इन्व्हर्टर पुरत नाही. वादळात दोन-तीन दिवस लाइट गेली की वाटेतल्या फायबरच्या पेटीची आणि मोबाइल टॉवरचीही बॅटरी संपते, आणि घरात दिवा लागलेला असूनही नेट बंद असते. म्हणून फायबर एका कंपनीचे आणि मोबाइलचे कार्ड दुसऱ्या कंपनीचे ठेवावे. ‘तौक्ते’च्या वेळी, मे २०२१ मध्ये, आमच्याकडे हे सगळे असूनही काही उपयोग झाला नव्हता, तो भाग वेगळा.

खाडीकाठ

कातळसडा, आपण केलेला हिशेब मी वहीत उतरवून घेतला. रजा वजा होते की नाही, हा प्रश्न मला खरोखरच सुचला नव्हता.

नारळीबाग, माझा प्रश्न गावातून काम कसे करावे हा नव्हता, पण आपल्या उत्तरामुळे दुसरी एक गोष्ट लक्षात आली. इन्व्हर्टर, फायबर, दुसरे कार्ड हा सगळा खर्च आपण स्वतः केला की कंपनीने? आणि वादळात जे दिवस गेले, ते हजेरीत कसे धरले गेले?

नारळीबाग

खर्च सगळा माझा. कंपनीने लॅपटॉप दिला आणि इंटरनेटच्या बिलापोटी महिन्याला ठरावीक रक्कम पगारात दिली, तिच्यावर कर कापला जातो. वादळाचे दिवस आधी रजा म्हणून धरले होते, नंतर आमच्या मॅनेजरांनी एचआरशी बोलून ते परत केले. धोरणात याबद्दल काहीच लिहिलेले नव्हते, ती त्यांची सज्जनता म्हणावी लागेल.

कातळसडा

नारळीबाग यांच्या उत्तरात साहित्याच्या कलमाचा सगळा अर्थ आला आहे. ताईंच्या पत्रातले वाक्य अर्धविरामाने दोन भागांत तोडलेले आहे. पहिल्या भागात कंपनी ‘आवश्यक ते साहित्य’ देते आणि दुसऱ्या भागात वीज, इंटरनेट आणि बैठकव्यवस्था ही नावे घेऊन तुमच्यावर टाकते. नाव घेऊन जे तुमच्यावर टाकले आहे, ते ‘आवश्यक साहित्यात’ येत नाही, असाच अर्थ त्यांचा एचआर लावणार. म्हणजे लॅपटॉप, फार तर हेडफोन. खुर्ची, टेबल, मोठा स्क्रीन आणि इन्व्हर्टर तुमच्या खिशातून.

काही कंपन्या रुजू होताना घरच्या बैठकीसाठी एकरकमी मदत देतात. ती बिलावर मिळते की पगारात भत्ता म्हणून, हे विचारावे, कारण पगारात मिसळलेल्या भत्त्यावर पगाराप्रमाणेच कर लागतो. त्याखालची बारीक अक्षरेही वाचावीत. वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास ती रक्कम अखेरच्या हिशेबातून कापून घेण्याची अट पुष्कळ ठिकाणी असते, आणि खुर्ची कंपनीच्या मालकीची ठरली असेल तर ती कुडाळहून ऐरोलीला परत पाठवण्याचे भाडे कोणाचे, हा वाद मी स्वतः पाहिलेला आहे.

लॅपटॉप बिघडल्यास काय, हाही प्रश्न गावातल्या माणसासाठी खुर्चीपेक्षा मोठा आहे. शहरातला कर्मचारी तासाभरात कार्यालयात जाऊन यंत्र बदलून आणतो. तुम्हाला ते कुरिअरने पाठवून दुसरे येईपर्यंत चार-पाच दिवस जातील. ते दिवस कामाचे की रजेचे, हे लेखी असलेले मी फार थोड्या धोरणांत पाहिले आहे.

दापोलीकर_ठाणे

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण माझ्या हाताखाली एक संघ आहे आणि दर महिन्याला हजेरीचा अहवाल माझ्याकडे येतो.

कंपन्या दिवस का बांधून देतात, हे समजून घेतले तर पत्र वाचणे सोपे जाते. आमच्या कार्यालयात शंभर माणसांमागे सत्तरच्या आसपास खुर्च्या आहेत. सगळे एकाच दिवशी आले तर बसायला जागा नाही आणि प्रत्येक जण मर्जीने आला तर संघातले लोक एकमेकांना भेटतच नाहीत. म्हणून प्रत्येक संघाला दिवस वाटून दिलेले असतात. ‘संघाच्या गरजेनुसार’ या शब्दांमागे बहुधा खुर्च्यांचे हे वाटप असते, आणि ते मॅनेजरच्याही हातात पूर्णपणे नसते.

दिवस कसा मोजला जातो, हेही विचारा. आमच्याकडे दारावरचे कार्ड लावल्याची वेळ आणि निघतानाची वेळ यांत ठरावीक तास भरले तरच दिवस धरला जातो. रात्रीच्या गाडीने आलेला माणूस गाडी उशिरा पोहोचल्यामुळे अकराला आला आणि परतीच्या गाडीसाठी चारला निघाला, तर आमच्या अहवालात तो आलेलाच नसतो. काही कंपन्यांत फक्त कार्ड लावल्याची नोंद पुरते, तर काहींत लॅपटॉप कार्यालयाच्या नेटवर्कला जोडला गेला होता का तेही पाहतात.

एका बाबतीत मात्र माझे मत कातळसडा यांच्यापेक्षा वेगळे आहे. होकार देण्यापूर्वी एवढे सगळे प्रश्न लेखी पाठवले, तर समोरच्याला वाटते की ही व्यक्ती कामापेक्षा सवलतींचा विचार अधिक करते. रुजू व्हावे, तीन-चार महिने उत्तम काम करावे आणि मग मॅनेजरशी बोलून घ्यावे. मी स्वतः चांगल्या माणसांना अशी सूट दिलेली आहे.

कातळसडा

आपण दिलेली सूट आपण त्या पदावर असेपर्यंतची आहे. आपली बदली झाली किंवा आपण नोकरी सोडली की नवा मॅनेजर अहवाल उघडेल आणि त्यात त्या माणसापुढे लाल खूण असेल, कारण तोंडी दिलेली सूट अहवाल काढणाऱ्या प्रणालीला माहीत नसते. अशी माणसे वार्षिक मूल्यमापनात अडकलेली मी पाहिली आहेत. हातात पत्र असून होकार द्यायचा बाकी असताना उमेदवाराचे जितके ऐकले जाते, तितके नंतर ऐकले जात नाही. प्रश्न थोडे आणि सभ्य असावेत, हे मात्र मान्य.

चिपळूणची_लेक

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच धाग्यात विचारते. माझी प्रसूती रजा पुढच्या महिन्यात संपते. कंपनी पनवेलला आहे आणि तिथे आठवड्याचे चार दिवस कार्यालयात यावे लागते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर आईला घरून काम करण्याचा हक्क मिळाला आहे, असे मैत्रिणीने सांगितले. तो हक्क मागण्यासाठी अर्ज कसा करावा?

कातळसडा

ती दुरुस्ती खरी आहे, पण तिने हक्क दिलेला नाही. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये जे कलम आले, त्याचा आशय असा की कामाचे स्वरूप घरून करण्यासारखे असेल, तर रजा संपल्यानंतर मालक आणि ती स्त्री परस्परसंमतीने ठरवतील तितक्या काळासाठी आणि त्या अटींवर मालक तिला घरून काम करू देऊ शकतो. संमती दोन्हीकडची लागते. तरीही अर्जात त्या तरतुदीचा उल्लेख जरूर करा, किती महिने हवे आहेत ते स्पष्ट लिहा आणि आपल्या कामापैकी कोणता भाग घरून होतो तेही मांडा, कारण ‘कामाचे स्वरूप’ हाच त्या कलमातला मुख्य मुद्दा आहे. कंपनीत ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय देणे मात्र बंधनकारक आहे आणि दिवसातून चार वेळा तिथे जाता येते. घरून काम नाकारले गेले, तर ती सोय कुठे आहे असे लगेच विचारा.

विजयदुर्गी

माझा २१ दिवसांचा मुद्दा राहून गेला. औद्योगिक विवाद कायद्यात ते स्पष्ट लिहिलेले आहे. मग कंपन्या एका ईमेलवर सगळ्यांना परत कशा बोलावतात?

कातळसडा

ती तरतूद कलम ९-क मध्ये होती आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही बदलाच्या २१ दिवस आधी नोटीस देण्याची अट आहे. परंतु ती कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगारांपुरती आहे. व्यवस्थापकीय पदांवरच्या लोकांना ती लागू नाही, आणि सॉफ्टवेअरमधले कोण त्या व्याख्येत बसते यावर वाद होत आलेले आहेत. शिवाय नोटीस सगळ्याच बदलांसाठी लागत नाही, तर अनुसूचीत दिलेल्या बाबींसाठी लागते. त्यात रूढ सवलत काढून घेणे किंवा वहिवाटीत बदल करणे अशी एक बाब आहे. घरून काम हे त्यात मोडते का, हे ज्याच्या त्याच्या पत्रावर आणि तिथल्या वहिवाटीवर अवलंबून राहील. तुमचे म्हणणे निराधार नाही, परंतु ताईंनी त्यावर विसंबून होकार द्यावा, इतके ते पक्केही नाही.

खाडीकाठ

आपणा सर्वांचे वाचून मी एचआरला पाचच प्रश्न पाठवले आणि आज उत्तर आले. मोजणी कॅलेंडर महिन्याची आहे. सार्वजनिक सुट्ट्या वजा होतात, वैयक्तिक रजा होत नाही. दिवस धरला जाण्यासाठी कार्यालयात किमान पाच तास असावे लागते. लॅपटॉपशिवाय दुसरे साहित्य मिळणार नाही.

पाचव्या उत्तराने मात्र माझी सगळी मांडणी विस्कटली. प्रत्येक संघाचा एक ‘एकत्र दिवस’ असतो आणि आमचा बुधवार आहे. शिवाय पहिले सहा महिने, म्हणजे परिवीक्षेच्या काळात, पाचही दिवस कार्यालयात यावे लागेल, असे त्यांनी धोरणाच्या पुस्तिकेचे पान जोडून कळवले आहे. फोनवर यातले काहीही सांगितले गेले नव्हते.

कातळसडा

तर मग १ जुलैपासून डिसेंबरअखेरपर्यंत हायब्रीड हा शब्द तुमच्यापुरता लागूच नाही, आणि मी मांडलेला सप्टेंबरचा हिशेब या वर्षी तुमच्या उपयोगाचा नाही. गणपतीला जी रजा मिळेल तेवढीच. ती परिवीक्षेत किती साचते, तेही विचारून घ्या.

जानेवारीपासून बुधवारची अडचण येईल. महिन्याची मोजणी आणि दर आठवड्याचा बांधलेला एक दिवस या दोन्ही गोष्टी एकत्र असल्या, तर मोजणी महिन्याची असल्याचा दूरवर राहणाऱ्याला फायदा मिळत नाही. महिन्यात चार किंवा पाच बुधवार येतात. तुम्ही दोन आठवडे सलग राहून दहा दिवस भरलेत तरी उरलेल्या दोन-तीन बुधवारांसाठी कुडाळहून यावेच लागेल, आणि एका बुधवारासाठी दोन रात्री गाडीत जातील. महिन्याचे एकूण दिवस विचारण्याइतकेच अशा एकत्र दिवसाबद्दल विचारणे गरजेचे आहे, हे मी आधीच लिहायला हवे होते.

दापोलीकर_ठाणे

बुधवारच्या बाबतीत मार्ग निघू शकतो. आमच्याकडे असा दिवस पाळण्यातून सूट देण्याची नोंद प्रणालीत करता येते, आणि तीत कारण, मुदत आणि मंजुरी देणाऱ्याचे नाव भरावे लागते. ती केलेली असेल तर अहवालात लाल खूण येत नाही आणि मॅनेजर बदलला तरी नोंद राहते. तुमच्या होणाऱ्या मॅनेजरशी थेट बोलण्याची वेळ मागा आणि महिन्यातले पहिले दोन आठवडे सोडून इतर बुधवारी दूरस्थ हजेरी चालेल का, एवढेच विचारा. ते हो म्हणाले, तर ते ईमेलवर घ्या. या बाबतीत कातळसडा यांचे म्हणणे मला पटले आहे. परिवीक्षेचे पाच दिवस मात्र कोणी कमी करील असे मला वाटत नाही. नव्या माणसाला काम शिकवणे समोरासमोर खरोखरच सोपे जाते.

नारळीबाग

सहा महिने कळव्याला राहायचे असेल, तर आता घरी इन्व्हर्टर घेण्याची घाई करू नये. बॅटरी वापरात नसली तरी जुनी होत जाते.

चिपळूणची_लेक

मी अर्ज दिला. चार महिन्यांची मुदत मागितली आहे आणि पाळणाघराबद्दलही विचारले आहे. एचआरने सांगितले की पाळणाघराची व्यवस्था दुसऱ्या इमारतीत आहे आणि ती तूर्त बंद आहे. हे उत्तर त्यांनी तोंडी दिले.

कातळसडा

आजच्या आज त्यांना ईमेल करून लिहा की, “आज झालेल्या बोलण्यानुसार पाळणाघर सध्या बंद असल्याचे समजले, ते कधी सुरू होईल ते कृपया कळवावे.” उत्तर आले नाही तरी तुमची नोंद राहते, आणि घरून कामाच्या अर्जाला तिचा आधार मिळतो.

खाडीकाठ

मॅनेजरांशी आज वीस मिनिटे बोलणे झाले. जानेवारीनंतर महिन्यातून दोन बुधवार दूरस्थ हजेरीला त्यांची हरकत नाही, परंतु ईमेलवर लिहून देण्याआधी त्यांना त्यांच्या वरिष्ठांना विचारावे लागेल असे ते म्हणाले. परिवीक्षा कमी होणार नाही. आईकडे सहा महिने कोण राहील, हे मी भावाशी बोलून पाहते आहे. होकाराची मुदत शुक्रवारी संपते. वरिष्ठांचे उत्तर त्याआधी आले नाही, तर मुदत आठवडाभर वाढवून मागावी, की तोंडी शब्दावर होकार द्यावा?

कातळसडा

मुदत वाढवून मागा, आणि कारण म्हणून बुधवारच्या सवलतीची लेखी खात्री हेच लिहा.

दापोलीकर_ठाणे

मी असतो तर होकार देताना त्याच ईमेलमध्ये मॅनेजरांशी झालेले बोलणे नमूद केले असते. मुदतवाढ मागितली की त्या जागेसाठी दुसऱ्या उमेदवाराचा विचार सुरू होतो, हे मी आतून पाहिलेले आहे.